काळी चौकट आणि दुकानदाराचा अंदाज : स्क्रीन शेअर दुरुस्तीचा खरा खर्च

माझी भाची पुण्यात डिझाइनचं काम करते. गेल्या दिवाळीत जालन्याला आली तेव्हा सोबत जुना, दुसऱ्या हाताचा मॅकबुक होता आणि डोक्यावर एका मुलाखतीचं ओझं. मुलाखत पुण्याहून, ऑनलाइन, गुगल मीटवर. आपल्या कामाचे नमुने दाखवायला तिने "शेअर स्क्रीन"चं बटण दाबलं. पलीकडचे म्हणाले, "काही दिसत नाही, सगळं काळं आहे." तिने पुन्हा दाबलं, पुन्हा काळं. तिसऱ्या वेळी डेस्कटॉपवरचा डोंगरांचा फोटो तेवढा दिसला, पण त्यावर उघडलेली एकही फाइल नाही. मुलाखत घेणारे सज्जन होते, त्यांनी दोन दिवसांनी परत बोलावलं.

मधल्या दोन दिवसांत आम्ही ते यंत्र घेऊन गावातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने झाकण उघडलं, बंद केलं, आणि हिशेब सांगितला : आधी फॉरमॅट, त्याचे 1,200 रुपये. त्याने नाही झालं तर डिस्प्ले बदलावा लागेल, त्याचे 18,000 च्या पुढे. भाची मुकाट्याने हो म्हणायच्या बेतात होती. मी म्हटलं, "थांब गं, घरी जाऊन एकदा बघू."

घरी लागली बारा मिनिटं. खर्च शून्य.

दुकानदाराचा अंदाज मुळातच चुकला होता, आणि तो कुठे चुकला हे कळलं तर आपले पैसे वाचतात. भाचीच्या डोळ्यांसमोरचा पडदा झकास दिसत होता. काळं दिसत होतं ते पुण्यातल्या लोकांना. डिस्प्ले बिघडला असता तर तिलाच दिसलं नसतं. मीटिंगमध्ये जाणारं चित्र काचेवरून उचललं जात नाही, ते संगणकाच्या आतून, काचेपर्यंत पोचायच्या आधी घेतलं जातं. म्हणून "मला दिसतंय, त्यांना दिसत नाही" अशी तक्रार असेल तर डिस्प्ले बदलायचा विषय तिथेच संपतो. कोणी तरीही काढला, तर यंत्र उचलून घरी यावं.

मग आत अडतं कुठे? मीटिंगच्या वेबसाइटला तुमचा पडदा दाखवायचा तर दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली ब्राउझरची. बटण दाबलं की क्रोम एक चौकट उघडून विचारतो, काय दाखवू : एक टॅब, एक विंडो की सगळी स्क्रीन? हा प्रश्न दर वेळी येतो, कायमची परवानगी इथे देताच येत नाही. आपण निवडलं की काम झालं असं वाटतं. पण मॅकवर त्याखाली दुसरी पायरी आहे. ब्राउझर हाही शेवटी एक प्रोग्रॅमच. त्याने दुसऱ्या प्रोग्रॅमच्या विंडो पाहाव्यात की नाही, हे मॅकची यंत्रणा ठरवते. ऑक्टोबर 2019 मध्ये आलेल्या कॅटलिनापासून ही परवानगी वेगळी मागितली जाते. ती नसेल तर यंत्रणा ब्राउझरला रिकामी विंडो देते, किंवा फक्त वॉलपेपर. ब्राउझर बिचारा जे मिळालं ते पुढे पाठवतो. पुण्याला पोचलेले ते डोंगर म्हणजे याच कारणाची सही होती.

दुकानात जायच्या आधी दोन चाचण्या घरीच कराव्यात. दोन्ही फुकट आहेत.

पहिली : कीबोर्डवर Command, Shift आणि 3 एकदम दाबा. मॅक स्वतः स्क्रीनचा फोटो काढून डेस्कटॉपवर ठेवतो. त्या फोटोत तुमची फाइल व्यवस्थित दिसली, तर चित्र टिपण्याची यंत्राची ताकद शाबूत आहे.

दुसरी जास्त बोलकी आहे. मीटिंगमध्ये विंडो किंवा सगळी स्क्रीन न देता क्रोमचा एक टॅब शेअर करा. टॅब हा क्रोमच्या स्वतःच्या घरातला असतो, तो दाखवायला त्याला यंत्रणेची परवानगी लागत नाही. टॅब पलीकडे नीट दिसतो आणि विंडो काळी दिसते, असं झालं की निदान पक्कं : स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी अडली आहे. टॅबही काळाच दिसला तर कारण वेगळं, त्याकडे पुढे येतो.

चाचणीला दुसरा माणूस शोधायची गरज नाही. स्वतःच एक मीटिंग उघडा, मोबाइलवरून त्याच मीटिंगमध्ये शिरा, मोबाइलचा माइक आणि आवाज दोन्ही बंद ठेवा, नाहीतर घुमून कान किटतात. मोबाइलवर जे दिसतं तेच समोरच्याला दिसतं.

आता दुरुस्ती. डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून System Settings उघडा, त्यात Privacy & Security, आणि उजवीकडे खाली सरकत Screen & System Audio Recording. मॅक थोडा जुना असेल तर तिथे नुसतं Screen Recording लिहिलेलं असतं. त्याहून जुन्या मॅकवर System Preferences मध्ये Security & Privacy, मग Privacy चा टॅब; तिथे खालच्या कोपऱ्यातलं कुलूप आधी पासवर्डने उघडावं लागतं.

समोर येते ती प्रोग्रॅमची यादी. लोक इथे meet.google.com शोधत बसतात. ते सापडणार नाही, कारण यंत्रणेला वेबसाइट माहीतच नसते, तिला ब्राउझर माहीत असतो. यादीत Google Chrome शोधा आणि त्यापुढचं बटण चालू करा. यादीत तो नसेलच, तर खालच्या अधिकच्या चिन्हावर दाबून Applications मधून निवडा. परवानगी प्रत्येक ब्राउझरला वेगळी असते. क्रोमला दिली म्हणून ती फायरफॉक्सला मिळत नाही. "काल चाललं, आज नाही" अशा तक्रारीत पुष्कळदा एवढंच झालेलं असतं, की काल एका ब्राउझरमधून मीटिंग झाली आणि आजची लिंक दुसऱ्यात उघडली.

यानंतरच्या पायरीवर बहुतेक जण घसरतात. भाचीही घसरली. बटण चालू केल्यावर मॅक सांगतो की क्रोम बंद करून पुन्हा उघडेपर्यंत परवानगी लागू होणार नाही, आणि Quit & Reopen किंवा Later विचारतो. तिने Later दाबलं, मग विंडोच्या कोपऱ्यातलं लाल टिंब दाबून क्रोम "बंद केला", पुन्हा उघडला. पुन्हा काळं. मॅकवर लाल टिंबाने विंडो मिटते, प्रोग्रॅम चालूच राहतो. खालच्या पट्टीत क्रोमच्या चिन्हाखाली बारीकसा ठिपका असतो, तो त्याचाच. Command आणि Q दाबून क्रोम खरोखर बंद केला, ठिपका गेलेला पाहिला, पुन्हा उघडला, आणि माझ्या मोबाइलवर तिचे नमुने दिसू लागले. बारा मिनिटांतली आठ या एका ठिपक्याने खाल्ली.

क्रोम बंद केला की चालू मीटिंगमधून तुम्ही बाहेर पडता, हे ध्यानात ठेवा. हे काम आदल्या दिवशी करायचं. पाहुणे पंगतीत बसल्यावर चूल पेटवून कसं चालेल?

कधी कधी बटण चालू दिसतं, क्रोम नीट बंद करून उघडलेला असतो, आणि तरी काळंच. मॅक अद्ययावत झाल्यानंतर किंवा जुन्या मॅकवरून नव्यावर सगळं हलवल्यानंतर यादीतली नोंद शिळी होते. नाव निवडून खालच्या वजाच्या चिन्हाने काढून टाका आणि पुन्हा घाला. तरी नाही झालं तर Terminal उघडून ही एक ओळ द्या :

```
tccutil reset ScreenCapture com.google.Chrome
```

यामुळे फक्त क्रोमची ही एक परवानगी पुसली जाते, बाकी कशाला धक्का लागत नाही. पुढच्या वेळी शेअर केलं की मॅक नव्याने विचारतो. फॉरमॅटसाठी 1,200 रुपये देण्याऐवजी ही ओळ आधी चालवून पाहावी. फॉरमॅट करूनही शेवटी ही परवानगी पुन्हा द्यावीच लागते, कारण कोऱ्या मॅकवर ती बंदच असते. आणि फॉरमॅटने फोटो-फाइली गेल्या तर तो खर्च वेगळा.

2024 मध्ये आलेल्या सिकोयापासून आणखी एक गंमत सुरू झाली आहे. काही प्रोग्रॅमांसाठी मॅक साधारण महिन्याने पुन्हा विचारतो की याला स्क्रीन बघू द्यायची का. घाईत कोणी नकार दिला की जुनं दुखणं परत. यंत्र कंपनीने दिलेलं असेल आणि बटण दाबता येत नसेल, किंवा तुमच्याकडे नसलेला पासवर्ड मागत असेल, तर दुकानात जाण्यात अर्थ नाही. तो पासवर्ड कंपनीच्या आयटीवाल्याकडे असतो. ते काम त्याचं आणि ते फुकट व्हायला हवं.

ब्राउझर कोणता घ्यावा? सगळे फुकटच आहेत, तेव्हा किंमत बघायची नाही, काम बघायचं. माझं मत क्रोम किंवा एज, आणि कारण एकच : एकटा टॅब दाखवता येतो, आवाजासकट. फायरफॉक्समध्ये विंडो किंवा सगळी स्क्रीन मिळते, टॅबची निवड नाही आणि आवाजही जात नाही. मास्तर मुलांना व्हिडिओ दाखवत असतील तर हा फरक मोठा आहे. आणि ऐन वेळी परवानगी सापडत नसेल, तर टॅब ही सुटकेची वाट आहे. भाचीला मी हीच वाट राखून ठेवायला सांगितली होती : नमुन्यांची पीडीएफ करून ठेव, Command आणि O दाबून ती क्रोमच्या टॅबमध्ये उघड, आणि तो टॅब शेअर कर. यंत्रणेला विचारायचा प्रश्नच येत नाही.

हे सगळं मॅकचं झालं. जालन्यात मॅक किती? मोंढ्यातल्या अडतीपासून रोलिंग मिलच्या ऑफिसपर्यंत खातेवही असते ती विंडोजच्या संगणकावर, आणि काळी चौकट तिथेही येते. फक्त कारण परवानगीचं नसतं. विंडोजवर क्रोमला अशी वेगळी परवानगी मागावी लागत नाही, म्हणून कोणी "स्क्रीन रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकावं लागेल" म्हणत पैसे मागितले तर सरळ नकार द्या.

विंडोजवर सगळ्यात आधी बघायचं ते अगदी साधं : जी विंडो शेअर केली आहे ती खाली पट्टीत मिटवून तर ठेवली नाही? मिटवलेल्या विंडोचं चित्र संगणक तयारच करत नाही. सनदी लेखापालाला टॅलीचा ताळेबंद दाखवताना माणूस टॅली मिटवून मीटिंगमधले चेहरे बघायला जातो, आणि तिकडे चित्र गोठतं किंवा काळं होतं. सगळी स्क्रीन शेअर करा, प्रश्न मिटला. मग मात्र व्हॉट्सअॅपचे निरोपही सगळ्यांना दिसतात, तेवढं आधी बंद करा.

दुसरं कारण दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपचं. असे लॅपटॉप हलक्या कामाला एक चिप आणि जड कामाला दुसरी वापरतात. ब्राउझर एकीवर आणि दाखवायचा प्रोग्रॅम दुसरीवर चालला की चित्र हातात येत नाही. Settings मध्ये System, मग Display, मग Graphics इथे जाऊन क्रोम आणि तो प्रोग्रॅम दोघांनाही एकाच पर्यायावर ठेवा, नंतर दोन्ही बंद करून उघडा. टॅबसुद्धा काळा दिसत असेल, तर क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत chrome://settings/system लिहा आणि Use graphics acceleration when available बंद करून क्रोम पुन्हा सुरू करा. हा उपाय मॅकवरही लागू आहे. याने व्हिडिओ किंचित जड चालतात, म्हणून कारण सापडलं नाही तर बटण पूर्ववत करावं.

लिनक्सवाल्यांसाठी एकच गोष्ट. टर्मिनलमध्ये `echo $XDG_SESSION_TYPE` दिल्यावर wayland असं उत्तर आलं आणि ब्राउझर जुना असेल, तर काळी स्क्रीन आणि त्यावर नुसता बाण फिरताना दिसतो. आधी ब्राउझर नवा करा.

मोबाइलच्या ब्राउझरमधून तर स्क्रीन शेअर होतच नाही, क्रोम असो वा सफारी. तिथे मीटिंगचं अॅपच लागतं. आणि अॅपमधूनही बँकेची किंवा यूपीआयची स्क्रीन काळी दिसली तर तो बिघाड नाही. ती त्या अॅपने मुद्दाम झाकलेली असते. पैसे देऊन बघायच्या चित्रपटांचंही तेच; हक्कांच्या कुलपामुळे पलीकडे काळी चौकट जाते. हे "दुरुस्त करून देतो" म्हणणारा माणूस दुरुस्तीला आलेला नसतो.

पैशाकडे येऊ. आमच्या प्रकरणात दुकानदाराने मागितले ते 1,200 आणि 18,000, लागले शून्य. पण सगळ्यांना हे स्वतः जमेलच असं नाही, आणि न जमण्यात लाज नाही. शेजारच्या काकांच्या लॅपटॉपसाठी गल्लीतला कॉलेजचा मुलगा आला, ग्राफिक्सची सेटिंग बदलली, मोबाइलवर चाचणी करून दाखवली आणि 200 रुपये घेऊन गेला. पाऊण तासाच्या कामाला ते मला रास्त वाटले. कामाआधी त्याला दोन प्रश्न विचारावेत : काय बदलणार आहेस, आणि नाही झालं तर किती घेणार? फॉरमॅटचा विषय निघालाच तर फाइलींची प्रत कोण काढणार हेही तेव्हाच ठरवावं.

मीटिंगची पेड योजना घेऊन काळी चौकट जात नाही. ती योजना वेळेसाठी असते : झूमची फुकट मीटिंग 40 मिनिटांना संपते, मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली की 60 मिनिटांना. मुलाखत किंवा हिशेब तेवढ्यात उरकत असेल तर एक रुपयाही घालवू नये. चाचणीच्या डेटाचीही धास्ती नको. झूमच्या स्वतःच्या आकड्यांनुसार चेहऱ्याचा व्हिडिओ नसताना नुसत्या स्क्रीन शेअरला सेकंदाला 50 ते 75 किलोबिट लागतात. वरचा आकडा धरला तरी तासाला 34 एमबीच्या आसपास. कॅमेरा चालू ठेवून सेकंदाला एक मेगाबिट गेलं तर तोच तास 450 एमबीचा होतो. गावाकडे रेंज तुटक असेल तर कॅमेरा बंद करा. आणि रेंज कमी असली की चित्र धूसर किंवा अडखळत येतं, सलग काळं नव्हे; म्हणून मोठा नेट पॅक हाही इथे उपाय नाही.

एक खर्च मात्र कोणी बिलात लिहीत नाही. "लांबूनच दुरुस्त करतो, हे अॅप टाका आणि नंबर सांगा" असं फोनवरून कोणी सांगितलं तर थांबा. स्क्रीन शेअरमध्ये समोरचा फक्त बघतो. त्या अॅपमध्ये तो तुमचा संगणक चालवतो. अशाच एका अॅपच्या आडून खाती रिकामी होतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने बँकांना 2019 मध्येच दिला होता. ओळखीचा माणूस असेल तरी तेवढ्या वेळात बँकेचं पान आणि ओटीपी येणारा फोन दूर ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करायचा, दुकानात जायचं नंतर.

दुकानात पैसे दिले तर बिल मागा, त्यावर काय केलं ते लिहून घ्या. "दुरुस्ती" एवढाच शब्द असलेलं बिल पुढे काही कामाचं नसतं. मागूनही बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे. चांगला डिस्प्ले बदलून कोणी पैसे उकळले तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे नाही भागलं तर जालन्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. काढलेला जुना सुटा भाग मात्र त्याच दिवशी मागून घ्यावा. तो पुरावा असतो, आणि आठवड्याने मागितला तर "भंगारात गेला" हेच उत्तर मिळतं.

दोन दिवसांनी भाचीची मुलाखत झाली. तिने सकाळीच क्रोम पूर्ण बंद करून उघडला, माझा मोबाइल घेऊन स्वतःलाच मीटिंगमध्ये बोलावलं, नमुने दिसतात हे पाहिलं. पीडीएफ दुसऱ्या टॅबमध्ये तयार होती, लागली नाही. पंचवीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं. शेवटी पलीकडच्या बाईंनी विचारलं, "मागे कुकरची शिट्टी वाजतेय का?" त्याला अजून कुठल्याच सेटिंगमध्ये बटण नाही.